पंचेचाळिसावा दिवस



आज लिहायचं आहे ते माझ्याच एका चुकीबद्दल. लिहू की नको, यात बरेच दिवस गेले. शेवटी सूनबाईलाच विचारलं. ती म्हणाली, "लिहा आई, माझं नाव तेवढं टाकू नका." म्हणून लिहिते.

धाकट्या सुनेचं दुसरं बाळंतपण इथेच, जानेफळला आमच्याकडे झालं. पहिलं रीतीप्रमाणे माहेरी झालं होतं. जूनच्या मध्यावर मेहकरला दवाखान्यात नेलं आणि सगळं सुखरूप पार पडलं. मुलगी झाली, वजन दोन किलो नऊशे ग्रॅम. दहा दिवसांचं सूतक संपलं. मग शेक, मालिश, ओवा-बडीशेपेचं पाणी, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं यथासांग चाललं. आपल्याकडे लसूण नाही, ओलं आलं नाही, म्हणून सुंठ आणि मेथ्या थोड्या जास्त. बाळंतपण करण्यात मी कुठे कमी पडले नाही, असं मला वाटत होतं.

पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला मंदिरात न्यायचं, भगवंतासमोर ठेवायचं आणि कानात णमोकार मंत्र म्हणायचा, ही आपली रीत. त्या दिवशी सूनबाई दीड महिन्यानं घराबाहेर पडली. हिरवी साडी नेसली होती आणि पोरीला पांढरं झबलं घातलं होतं. मंदिरात ओळखीच्या पंधरा-वीस बायका होत्या. बाळाचं कौतुक झालं, नाक कुणावर गेलंय हे ठरलं आणि मग सगळ्यांच्या नजरा आईकडे वळल्या.

"काहून वं, अजून एक हाये का काय आत?" एकीनं हसत विचारलं. दुसरी म्हणाली, "पोट बांधलं नाही वाटतं. आमच्या सासूबाईंनी सव्वा महिना असं करकचून बांधलं होतं, की एका महिन्यात जुना ब्लाउज अंगात गेला." तिसरीनं तर साडीवरूनच पोटाला हात लावून पाहिला. सूनबाई कसनुसं हसली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, "अहो, आमच्याकडचं तूप जरा जास्तच लागलं तिला!" आणि सगळ्यांबरोबर मीही हसले.

मला वाटलं, विषय हलका केला. घरी आल्यावर पुन्हा आठवलंही नाही. पण त्या दिवसापासून लाडवाचा डबा रिकामा व्हायचा थांबला. मी विचारलं, तर म्हणे, "कंटाळा आला आई गोडाचा." दोन भाकरींची एक झाली. मला वाटलं, पावसाळा आहे, अग्नी मंद असतो. शिवाय चातुर्मासात आपल्याकडे पालेभाजी बंद. म्हणजे शेपू आणि मेथीची भाजीही ताटातून आपोआप गेलेली.

भाद्रपदात दशलक्षण पर्व लागलं. पहिल्याच दिवशी सूनबाईनं दहा दिवसांच्या एकाशनाचा नियम घेतला, एकदा जेवण आणि त्याच वेळी पाणी. बाळ तेव्हा अडीच महिन्यांचं. मी म्हटलं, "अंगावर पाजतेस, झेपेल का?" ती म्हणाली, "मागच्या वर्षी केलं होतं ना, झेपतं." मंदिरात सगळ्यांनी तिची अनुमोदना केली. महिन्याभरापूर्वी पोटावर बोललेल्या बायका आता म्हणत होत्या, "लहान लेकराची आई असून केवढं हे!" मलाही अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

माझ्या लक्षात आलं ते कपडे वाळत घालण्याच्या दोरीवरून. बाळाचे लंगोट मीच धुते. लंगोट मोजून वाळत घालायचे आणि मोजूनच काढायचे, ही माझी जुनी खोड. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, नोकरी कधी केली नाही, पण मोजायची सवय गेली नाही. एरवी दिवस-रात्रीचे मिळून आठ-नऊ लंगोट शूचे असायचे. पर्वाच्या चौथ्या दिवशी ते पाच झाले, पाचव्या दिवशी चार. सहाव्या दिवशी, सुगंध दशमीला, चारच, आणि त्यांवर पिवळे डाग. पोर दूध ओढायची, सोडायची आणि रडायची.

ही खूण प्रत्येक आजीनं लक्षात ठेवावी. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा फिक्या रंगाची शू झाली पाहिजे. तेवढी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. मग छाती भरलेली वाटो की न वाटो. शू सहापेक्षा कमी होऊ लागली, पिवळी दिसू लागली, बाळ मलूल दिसू लागलं, तर थांबून न राहता दवाखान्यात दाखवायचं.

आम्ही त्याच दुपारी दाखवलं. बाळाला ताप नव्हता, बाकी सगळं ठीक होतं. वजन मात्र दहा आठवड्यांच्या लशीच्या वेळी जेवढं होतं, त्यापेक्षा जेमतेम पन्नास ग्रॅमनं वाढलेलं. मधे नऊ दिवस गेले होते. या वयात बाळ रोज साधारण वीस ते तीस ग्रॅम वाढतं. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढ दिसायला हवी होती. डॉक्टरांनी सुनेला विचारलं, "तुम्ही जेवता काय? पाणी किती पिता?" तिनं सांगितलं. ऐकून ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "एका दिवसाच्या उपासानं दूध आटत नाही. पण तुम्ही महिनाभर आधीपासून कमी खाताय, आणि आता दिवसातून एकदाच पाणी. अंगाकडे द्यायला उरलंय काय?"

घरी आल्यावर संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "खरं सांग, हा नियम कशासाठी घेतलास?" बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पोट कमी व्हावं म्हणून. पर्वात उपास केला तर कुणी विचारत नाही, जेवत का नाहीस म्हणून." थोडं थांबून म्हणाली, "त्या बायका बोलल्या त्याचं एवढं काही नाही आई. तुम्ही हसलात ना, ते लागलं."

मैत्रिणींनो, माझ्याजवळ त्याचं उत्तर नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून वही घेऊन बसले. तिच्या तपासणीच्या कार्डावर वजनं लिहिलेली होती. दिवस राहिले तेव्हा बावन्न किलो, बाळंतपणाच्या आधी त्रेसष्ट. म्हणजे अकरा किलो जमा. ते अकरा किलो कोणत्या खात्यात गेले आणि किती परत यायचे, याचा मी ताळेबंद मांडला. मला जेवढं कळतं तेवढं डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. तुम्हीही एकदा मांडून बघा.

बाळ सुमारे तीन किलो. वार अर्धा ते पाऊण किलो. गर्भजल पाऊण ते एक किलो. हे सगळं बाळंतपणाच्याच दिवशी जातं, थोडं रक्तही जातं. म्हणजे पाच किलोच्या आसपास त्या दिवशी कमी. गरोदरपणात अंगात वाढलेलं रक्त आणि साठलेलं पाणी दोन-तीन किलोंचं. ते पुढच्या काही आठवड्यांत लघवीवाटे आणि घामावाटे उतरतं. बाळंतीण रात्री घामानं भिजते ती यामुळेच. गर्भाशय बाळंतपणानंतर एक किलोच्या घरात असतं. ते आकसत जाऊन सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. दूध येण्यासाठी छाती जड झालेली असते, ती अर्धा किलो. ती पाजणं चालू आहे तोवर तशीच राहणार. उरले अडीच-तीन किलो. ती चरबी. मांड्यांवर, कमरेवर आणि पोटावर अंगानं ती मुद्दाम साठवलेली असते, दुधासाठी. आपण मुदत ठेव ठेवतो ना, तशी. ती महिन्यामहिन्यानं मोडायची असते, पंचेचाळीस दिवसांत नाही.

तेव्हा हिशोब सरळ आहे. अकरा किलो वाढलेल्या बाईचं वजन पंचेचाळिसाव्या दिवशी आधीपेक्षा तीन-चार किलो जास्तच असणार. सूनबाईचं त्या दिवशी छप्पन्न होतं. एक पैचाही घोळ नाही. मंदिरात आम्ही जिला हसलो, तिचं खातं चोख होतं.

आता राहिला पोटाचा आकार. वजन आणि आकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण बायका तिथेच चुकतो. बाळंतपण झाल्या झाल्या गर्भाशय बेंबीपर्यंत असतं. ते रोज साधारण एक बोट खाली उतरतं. दहा-बारा दिवसांत ओटीच्या हाडामागे जातं, मग वरून हाताला लागत नाही. सहा आठवड्यांत जवळजवळ मूळच्या आकाराला येतं. आपल्या जुन्या बायकांनी सव्वा महिना ठरवला आणि डॉक्टर बेचाळीस दिवस सांगतात. दोघांचं गणित जवळपास एकच आहे. पण हा सव्वा महिना गर्भाशयाचा झाला. पोटाच्या भिंतीचा नाही.

पोटाच्या मधोमध, बरगड्यांपासून ओटीपर्यंत, स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. त्यांना जोडणारी मधली शिवण नऊ महिन्यांत ताणून रुंद होते. ती पुन्हा जवळ यायला सहा-आठ आठवडे तर लागतातच, बऱ्याच जणींना सहा महिने ते वर्षही लागतं. दुसऱ्या खेपेला ती आधीच एकदा ताणलेली असते, म्हणून पोट जास्त काळ पुढे दिसतं. बाई सडसडीत असली तरी दिसतं. तो तुपाचा दोष नाही, आळसाचा तर नाहीच.

हे घरी तपासता येतं. उताणं झोपायचं, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर ठेवायची. बोटं बेंबीवर आडवी ठेवून डोकं हळूच उचलायचं. दोन्ही बाजूंचे पट्टे घट्ट होतात आणि मधली फट बोटांना लागते. दोन बोटांपर्यंत फट असेल तर काळजी नाही, ती भरत येते. तीन महिन्यांनंतरही तीन-चार बोटं मावत असतील, किंवा डोकं उचलताना मधोमध उंचवटा येत असेल, तर डॉक्टरांना किंवा व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला दाखवायचं. तोवर उताणं झोपून सरळ उठून बसायचे आणि पाय वर उचलायचे व्यायाम करायचे नाहीत. त्यांनी फट वाढू शकते. बिछान्यातून सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हातावर जोर देऊन उठायचं. श्वास सोडताना पोट हळूच आत ओढायचं. लघवी रोखताना आवळतो तसं खालचं अंग आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सूनबाईची फट अडीच बोटं निघाली. आता दीड आहे.

आणि पोट बांधण्याबद्दल. मऊ सुती कापड बेताचं बांधलं तर कमरेला आधार मिळतो, टाके असतील तर उठता-बसता बरं वाटतं. त्याला कुणाचीच ना नाही. पण बांधल्यानं चरबी जात नाही आणि गर्भाशयही लवकर आकसत नाही. ते आकसतं बाळाला पाजल्यानं. करकचून बांधलं तर वरचा दाब खाली ओटीवर येतो. खालचे स्नायू बाळंतपणात आधीच सैल झालेले असतात. पुढे खोकलं, शिंकलं, हंडा उचलला की लघवी सुटते, कुणाचं अंग बाहेर येतं. माझ्या बाळंतपणात माझं पोट जुन्या लुगड्याच्या दोन पदरांनी बांधलं होतं. श्वास घेताना बरगड्या दुखायच्या. महिन्याभरात पोट सपाट दिसलं, सगळ्यांनी नावाजलं. पण तेव्हापासून शिंक आली की मी पाय आवळून उभी राहते. हे मी पस्तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. नुसतं बांधल्यानं झालं असं मी म्हणणार नाही, बाळंतपणानंही होतं. पण त्या घट्ट पट्ट्यानं भर नक्कीच घातली असणार. आणि मंदिरात "आमच्या सासूबाईंनी करकचून बांधलं होतं" असं सांगणाऱ्या बाईलाही शिंक आली की काय होतं, ते आम्हा दोघींनाच माहीत. आम्ही एकमेकींना कधी बोललो नाही, एवढंच. आपण सपाट पोटाचं कौतुक चारचौघींत करतो आणि त्याची किंमत न्हाणीघरात एकट्यानं मोजतो.

आता खाण्याचं. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोजच्यापेक्षा सुमारे सहाशे कॅलरी जास्त लागतात. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर रोजच्या जेवणावर एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पेलाभर दूध आणि एक मध्यम लाडू. झालं. दिवसाला पाच लाडू आणि प्रत्येक घासावर तूप याची गरज नाही. आम्ही सासवा तिथेही चुकतो. आधी "दुधासाठी खा गं" म्हणून ताटात वाढायचं आणि पंचेचाळिसाव्या दिवशी त्याच तोंडानं "फार सुटलीस" म्हणायचं. बिचारीनं ऐकायचं कुणाचं? वजन उतरवायचंच असेल तर दूध नीट बसल्यावर, दोनेक महिन्यांनी, रोज चालायला जावं, गोड-तळलेलं कमी करावं. आठवड्याला अर्ध्या किलोपर्यंत हळूहळू उतरलं तर बाळाच्या वाढीला धक्का लागत नाही. पण जेवण सोडून नाही. आणि लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने चुकवायच्या नाहीत, कॅल्शियमच्याही. आरोग्य केंद्रात त्या मिळतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं होतं. चातुर्मासात पालेभाजी सोडणाऱ्या आपल्या घरांतून तर त्या गोळीची आठवण सासूनंच ठेवावी.

रात्रीभोजन त्याग पाळणाऱ्या घरात आणखी एक अडचण असते. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तोंड बंद, आणि बाळ रात्रीतून चार वेळा उठतं. आमच्याकडे आता असं ठरलंय, की सूर्य मावळण्यापूर्वी तिचं जेवण पोटभर व्हायलाच हवं. तेवढ्यासाठी बाकीचा स्वयंपाक मागे राहिला तरी चालेल. आणि पाजतेय तोवर रात्री पाणी मोकळं.

सुगंध दशमीच्या रात्री मला सर्वांत जास्त टोचलं ते धर्माचं. आपण पोरींना पाठशाळेत सोळाकारण भावना पाठ करायला लावतो. त्यांतली एक आहे शक्तितस्तप. तप शक्तीप्रमाणे. शक्ती लपवायची नाही आणि शक्तीबाहेर जायचं नाही. बारा तपांमध्ये अनशन हे एक आहे. स्वाध्याय आहे, विनय आहे, वैयावृत्त्य आहे. अडीच महिन्यांचं लेकरू छातीशी घेऊन रात्र काढणारी बाई एका बाजूला वैयावृत्त्यच करत असते. आणि जो उपास लोकांच्या नजरेत अंग बारीक दिसावं म्हणून होतो, त्याला उपास म्हणायचं तरी कसं? दोष तिचा नव्हता. उपासाखाली लपायची वेळ तिच्यावर आम्ही आणली.

सातवा दिवस उत्तम तपाचा. त्या सकाळी मी तिला म्हटलं, "चल, आज तू दोन वेळा जेवायचंस. नियम मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून आपण दोघी कायोत्सर्गात उभं राहून नऊ वेळा णमोकार म्हणू. आणि उरलेल्या चार दिवसांसाठी अर्धा तास स्वाध्यायाचा नियम घे." तिनं तसंच केलं. त्या दिवशी तिच्या ताटात भाकरी, वरण, तूप, लाडू होता आणि शेजारी पाण्याचा तांब्या. बाळाला दर दोन-अडीच तासांनी घ्यायचं, दोन्ही बाजूंनी पाजायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन दिवसांत दोरीवर सात लंगोट आले. चौदा आठवड्यांच्या लशीला नेलं, तेव्हा वजन पुन्हा रांगेत आलं होतं.

क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात सगळे सगळ्यांना हात जोडतात. दरवर्षी मीही जोडते, अर्धं लक्ष प्रसादाकडे असतं. यंदा घरातून निघण्यापूर्वी मी सूनबाईसमोर हात जोडले. म्हटलं, "त्या दिवशी मी हसले, त्याची क्षमा कर." ती रडली, मीही रडले. पोरगी मात्र आमच्याकडे बघून हसत होती.

आता मुद्द्याचं बोलते. बाळंतिणीला काय उत्तर द्यायचं ते शिकवणारे खूप असतात. दुर्लक्ष कर, हसून सोडून दे, ठणकावून सांग. पण दीड महिना नीट झोप नाही, टाके अजून ओढताहेत, समोर आईच्या वयाच्या बायका उभ्या. ती काय ठणकावणार? २०११ च्या नोव्हेंबरात ऐश्वर्या रायला मुलगी झाली. पुढच्या वर्षी तिच्या वाढलेल्या वजनावर जगभर चर्चा झाली, वर्तमानपत्रांतून फोटो आले. जगातली सुंदर बाई म्हणून जिला मुकुट घातला, तिची ही गत, तर आपल्या सुनांनी कुणाकुणाची तोंडं धरायची?

माझं म्हणणं असं, की उत्तर बाळंतिणीनं द्यायचंच नाही. तिच्या शेजारी उभी असलेल्या बाईनं द्यायचं. सासूनं, आईनं, नणंदेनं, मोठ्या जावेनं. नवरा जवळ असेल तर त्यानं. तिनं पाहिलं ना माझ्याकडे त्या दिवशी? ती नजर उत्तर मागत होती आणि मी तूप दाखवलं.

उत्तर मोठं लागत नाही, भांडणही करायचं नाही. मी आता तीन वाक्यं तयार ठेवली आहेत. कुणी म्हणालं, "पोट अजून तसंच," तर म्हणायचं, "नऊ महिने वाढलेलं आहे, उतरायलाही तेवढे महिने लागतात, डॉक्टरांनी तपासलंय." कुणी म्हणालं, "बांधलं नाही का," तर म्हणायचं, "मऊ बांधलंय, घट्ट बांधून मी भोगतेय ते तिला नको." हे म्हटलं की समोरची साठीची बाई एकदम गप्प होते, अनुभवाचं सांगते. आणि कुणी पोटाला हात लावायला आली, तर बाळ तिच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "जरा धरता का? हिचं जेवण राहिलंय." हात गुंतले की बोलणंही बदलतं.

शेजारी कुणीच नसेल, तर बाळंतिणीनं एवढंच म्हणावं, "बाळाचं वजन छान वाढतंय," आणि बाळाला पाजायचं निमित्त करून उठून जावं. मौन हाही आपल्याकडे नियमच आहे. पण घरी आल्यावर ते कुणाला तरी सांगावं. मनात ठेवलं की ते ताटातून बाहेर पडतं, माझ्या सुनेचं पडलं तसं. सांगायला कुणी नसेल, दोन आठवडे उलटूनही रोज रडू येत असेल, खाणं नको, बाळही नको वाटत असेल, तर ते मनाचं आजारपण असू शकतं. त्याला औषध आहे, सल्ला आहे. १४४१६ हा सरकारी मोफत फोन आहे, टेली मानसचा, मराठीतही बोलता येतं.

आपल्याकडे साधूंच्या पाच समित्यांमध्ये भाषा समिती आहे. पाहून पाऊल टाकावं, तसं पाहून बोलावं. ती श्रावकाला साधूइतकी जमायची नाही. पण मंदिराच्या पायऱ्यांवर बाळंतीण दिसली, तर विचारायचे प्रश्न बदलता येतात. "जेवलीस का? रात्री झोप मिळते का? अर्धा तास बाळ माझ्याकडे देतेस का?" हे विचारणारी एक बाई आमच्या मंदिरात त्या दिवशीही होती. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मागे उभी होती, तिचा आवाज आमच्या हसण्यात ऐकू आला नाही.

पुढच्या महिन्यात आमच्याच गल्लीतल्या एकीच्या सुनेचा पंचेचाळिसावा दिवस आहे. मी जाणार आहे, आणि तिच्या शेजारी उभी राहणार आहे.

जय जिनेंद्र.